लघुकथा : वनिताताईंच्या दुकानाचा आवक-जावक तक्ता (जाणकारांची मते हवी आहेत)

वर्धाकाठ

नमस्कार. आमच्या भागातील महिला बचत गटांपैकी बऱ्याच जणी आता लहान दुकाने चालवतात. त्यांच्या बैठकीत वाचून दाखवण्यासाठी ही कथा लिहिली आहे. पात्रे काल्पनिक आहेत, परंतु आकड्यांची जुळणी मी तपासून केली आहे. शेवटी एक प्रश्न विचारला आहे. त्याच्या उत्तरावर कथेचा पुढचा भाग अवलंबून आहे, म्हणून कृपया शेवटपर्यंत वाचावे.

यवतमाळ जिल्ह्यातील आर्णी तालुक्यात एका बाजारगावी वनिताताईंचे लग्नाच्या साड्यांचे दुकान होते. नवरीचा शालू, हळदीची पिवळी साडी, वरमाईची साडी आणि मानपानाच्या पंचवीस-तीस साड्या असा पूर्ण बस्ता त्यांच्याकडे एकाच जागी मिळत असे. त्यामुळे साक्षगंध आटोपले की आसपासच्या खेड्यांतील मंडळी जिल्ह्याच्या ठिकाणी न जाता त्यांच्याच दुकानात बस्ता फाडायला येत. एप्रिल आणि मे या दोन महिन्यांत मिळून १२ लाखांची विक्री होई. शंभराच्या साडीमागे खरेदी सत्तरची असल्याने नफाही चांगला सुटत असे. असे असूनही मागील वर्षी एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात, दुकानात पाय ठेवायला जागा नसताना, सुरतच्या आडत्याला दिलेला पुढच्या तारखेचा चेक वटावा म्हणून ताईंना हातातल्या पाटल्या सोनेतारणात ठेवाव्या लागल्या होत्या. विक्री भरपूर असताना पैसा कुठे जातो, हे कोडे त्यांना वर्षभर सुटले नव्हते.

फेब्रुवारीत जिनिंगचे दिवाणजी मुलीच्या लग्नाचा बस्ता घ्यायला आले. बिल ६० हजारांचे झाले. त्यांनी ३० हजार तिथेच मोजून दिले, १८ हजार लग्न उरकल्यावर मार्चमध्ये देतो म्हणाले आणि उरलेल्या १२ हजारांसाठी दिवाळीनंतरचा वायदा केला. "गावी धाकटा भाऊ शेती पाहतो, ताई. कापूस मोडला की देतो." ताईंनी मान डोलावली आणि वहीत फेब्रुवारीच्या विक्रीत ६० हजार लिहिले.

दिवाणजींची नजर त्या नोंदीवर होती. ते म्हणाले, "ताई, विक्रीच्या वहीत साठ लिहिले ते बरोबरच आहे. परंतु तुमच्या गल्ल्यात या महिन्यात तीसच आले. सुरतवाल्याचा चेक तुम्ही कोणत्या वहीवर देता, या की गल्ल्याच्या?"

जिनिंगमध्ये हाच पेच रोजचा होता. गाडी रिकामी झाली की शेतकरी पैसे मागतो आणि गाठींचे पैसे मात्र नंतर येतात. म्हणून दिवाणजी हंगामाआधी एका मोठ्या कागदावर महिन्यांचे रकाने पाडून, कोणत्या महिन्यात हातात किती येणार आणि हातातून किती जाणार, एवढेच मांडून ठेवत. तसा कागद ताईंसाठी करण्याचे त्यांनी मान्य केले, परंतु त्याआधी मागील दोन हंगामांची बिलबुके मागितली.

त्या बिलबुकांवर दोन रात्री गेल्या. प्रत्येक बिलापुढे ताईंनी पैसे कधी आले ते लिहिले : त्याच दिवशी, पुढच्या महिन्यात, दिवाळीनंतर किंवा अजून नाही. स्मरणावर विसंबू नये असा दिवाणजींचा आग्रह होता, कारण चांगल्या गिऱ्हाइकांची नावे आठवतात आणि अडलेली बिले विसरली जातात. बेरीज केली तेव्हा शंभरातले ५० रुपये बस्त्याच्या वेळी, ३० रुपये पुढच्या महिन्यात आणि २० रुपये कापूस आल्यावर, असा विभाग निघाला. त्या विसांतलेही काही आलेच नव्हते. आपल्याकडे बहुतेक रोखीनेच चालते, अशी ताईंची समजूत होती.

मग कागद आखला. मार्चच्या आरंभी हातात १ लाख ८० हजार होते. फेब्रुवारी आणि मार्चची विक्री प्रत्येकी २ लाख, एप्रिल-मेची प्रत्येकी ६ लाख आणि जूनची दीड लाख धरली. दुकानभाडे, दोन मुलींचे पगार, वीज, घरखर्च आणि जुन्या कर्जाचा हप्ता मिळून महिन्याला ६२ हजार, आणि एप्रिल-मेमध्ये एक जादा मुलगी ठेवावी लागत असल्याने ७० हजार. मे महिन्यात कमी पडणाऱ्या रंगांसाठी ४० हजारांचा माल रोखीने आणावा लागे. सुरतहून एप्रिल-मेसाठीचा ८ लाख ४० हजारांचा माल ताई दरवर्षी फेब्रुवारीअखेर एकगठ्ठा उचलत. त्याचे निम्मे पैसे मार्चअखेर आणि निम्मे एप्रिलअखेर द्यायचे असत. एकगठ्ठा उचल केली की शेकडा २ वटाव मिळे आणि तो पुढच्या हंगामाच्या बिलात वळता होई.

कागदावर असे उतरले :

मार्च : आवक १ लाख ६० हजार, जावक ४ लाख ८२ हजार, अखेर १ लाख ४२ हजारांची तूट
एप्रिल : आवक ३ लाख ६० हजार, जावक ४ लाख ९० हजार, अखेर २ लाख ७२ हजारांची तूट
मे : आवक ४ लाख ८० हजार, जावक १ लाख १० हजार, अखेर ९८ हजार शिल्लक
जून : आवक २ लाख ५५ हजार, जावक ६२ हजार, अखेर २ लाख ९१ हजार शिल्लक

ताईंचे बोट एप्रिलच्या ओळीवर थांबले. मागील वर्षी पाटल्या गेल्या तो हाच महिना होता आणि आकडाही जवळपास तेवढाच होता. "म्हणजे हे दोन महिने आधीच दिसत होते," त्या म्हणाल्या. दिवाणजी म्हणाले, "दिसत होते. आता फेब्रुवारी आहे. माल अजून उचललेला नाही."

त्यांनी एकच बदल करून तोच कागद पुन्हा आखला. एप्रिलचा माल फेब्रुवारीअखेर आणि मेचा माल मार्चअखेर, असे दोन भाग केले आणि देण्याची मुदत तीच ठेवली. आता सुरतला मार्चमध्ये २ लाख १० हजार, एप्रिलमध्ये ४ लाख २० हजार आणि मेमध्ये २ लाख १० हजार जात होते. मार्चअखेर ६८ हजार उरले, एप्रिलअखेर तूट केवळ ६२ हजारांची राहिली आणि मेअखेर तेच ९८ हजार शिल्लक दिसू लागले. वटाव सोडला तर नफा तोच राहिला, फक्त पैसे बाहेर पडण्याचा महिना बदलला. उरलेल्या ६२ हजारांसाठी बस्त्याच्या वेळी ५० ऐवजी ६० टक्के मागायचे, असे ताईंनी ठरवले. तेवढे सर्वांनी दिले असते तर तूट जवळजवळ मिटत होती.

जून सरला तेव्हा गल्ल्यात खरोखरीच पावणेतीन लाखांच्या आसपास रक्कम होती. ताईंच्या मनात दुकानाला नवे काचेचे शोकेस करावे असे दोन वर्षांपासून होते आणि सुताराने दोन लाखांचा अंदाज दिला होता. परंतु कागद पुढे ऑक्टोबरपर्यंत वाढवला असता चातुर्मासात विक्री जवळपास थांबते, खर्च मात्र थांबत नाही आणि तुळशीच्या लग्नानंतरच्या मुहूर्तांसाठी ऑक्टोबरात माल भरावा लागतो, हे समोर आले. ताईंनी सुताराला जानेवारीत या म्हणून सांगितले.

कथा येथवर आहे. माझा प्रश्न असा आहे. कापसावर देऊ म्हणून राहिलेली जी २० टक्के उधारी आहे, ती नोव्हेंबर-डिसेंबरच्या रकान्यात पूर्ण मांडावी, काही भाग मांडावा, की अजिबात मांडू नये?

सोनसळी

कथा अतिशय आवडली. उधारी वसुलीचा प्रश्न आमच्या गावातही फार बिकट आहे. माझे स्पष्ट मत आहे की ताईंनी उधारी देणेच बंद करावे, किंवा निदान दोन साक्षीदारांच्या सह्या घ्याव्यात. दर सोमवारी फोन करावा आणि देणाऱ्याच्या पाहुण्यांमध्ये विषय काढावा, म्हणजे पैसे आपोआप येतात.

वर्धाकाठ

धन्यवाद. परंतु वसुली कशी करावी हा माझा प्रश्न नाही. उधारी आहेच असे गृहीत धरून ती तक्त्यात कोणत्या महिन्यात आणि किती मांडावी, एवढेच विचारायचे आहे. शिवाय लग्नघरच्या पाहुण्यांत विषय काढला तर पुढचा बस्ता दुसऱ्या गावी जाईल, हेही ताईंना पाहावे लागते.

वाणिज्यवारी

मी एम.कॉम.ला आहे. कथेत दोन त्रुटी आहेत असे नम्रपणे नोंदवतो. पहिली म्हणजे घरखर्च हा दुकानाचा खर्च नव्हे, ती मालकाची उचल आहे, तेव्हा ती ६२ हजारांतून वगळायला हवी. तसेच कर्जाच्या हप्त्यातील फक्त व्याज हा खर्च असतो, मुद्दल नाही. उलट दुकानातील फर्निचरचा घसारा धरायला हवा होता, तो कुठेच दिसत नाही.

दुसरा मुद्दा मला अधिक महत्त्वाचा वाटतो. माल दोनदा उचलल्यामुळे ताईंनी ८ लाख ४० हजारांवरचा २ टक्के वटाव, म्हणजे १६ हजार ८०० रुपये, गमावले. ती तूट महिना २ टक्क्यांनी पैसे घेऊन भरली असती, तरी मार्चअखेरच्या १ लाख ४२ हजारांवर एका महिन्याचे २,८४० आणि एप्रिलअखेरच्या २ लाख ७२ हजारांवर एका महिन्याचे ५,४४०, असे एकूण ८,२८० रुपये व्याज झाले असते. मग दिवाणजींचा सल्ला ताईंच्या फायद्याचा कसा?

निवृत्त शाखाधिकारी

माझी नोकरीची बरीच वर्षे यवतमाळ आणि वाशिम जिल्ह्यांतील शाखांमध्ये लहान व्यापाऱ्यांचे कर्जअर्ज पाहण्यात गेली, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

वाणिज्यवारी यांचा पहिला मुद्दा नफा-तोटा पत्रकासाठी अगदी बरोबर आहे, परंतु हा कागद नफा मोजत नाही. ताईंनी किराण्यासाठी गल्ल्यातून २० हजार काढले तर ते सुरतच्या चेकसाठी उरत नाहीत. मग त्यांना खर्च म्हणा की उचल, गल्ल्याला त्याने फरक पडत नाही. हप्त्याचे मुद्दलही तसेच हातातून जाते, म्हणून ते धरायचे. घसाऱ्यापोटी कोणाच्या हातात एक रुपयाही द्यावा लागत नाही, म्हणून तो येथे धरायचा नाही. मी पाहिलेल्या कागदांपैकी निम्म्यांहून अधिक कागद घरखर्च वगळल्यामुळेच चुकत. घरचे लग्न, शाळेची फी, दवाखाना हे सर्व त्याच गल्ल्यातून जाते आणि कागदावर मात्र कुठेच नसते.

दुसऱ्या मुद्द्यातील त्यांचे गणित बरोबर आहे आणि ते विचारले गेले हे चांगले झाले. बँकेची कॅश क्रेडिट मर्यादा वर्षाला समजा ११ टक्क्यांची असती, तर तीच तूट भरायला सुमारे ३,८०० रुपये व्याज पडले असते. म्हणजे ३ लाखांची मर्यादा हाताशी असती, तर एकगठ्ठा उचल आणि वटाव हाच फायद्याचा मार्ग होता. परंतु कथेतील ताईंकडे ती मर्यादा नाही, जुन्या कर्जाचा हप्ता चालू आहे आणि एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात कोणतीही शाखा नवी मर्यादा देत नाही. अर्ज डिसेंबर-जानेवारीत करावा. मुद्रा योजनेतील किशोर गटात ५० हजारांपासून ५ लाखांपर्यंत कर्ज मिळू शकते. अर्जासोबत असा महिनावार कागद जोडला असेल तर शाखाधिकाऱ्याला पैसा कधी लागणार आणि कधी परत येणार, हे एका नजरेत दिसते. मी स्वतः असे अर्ज आधी हातात घेत असे.

एक गोष्ट कथेत राहिली आहे. महिन्याचा रकाना महिन्याच्या आतली तूट लपवतो. समजा सुरतचा चेक एप्रिलअखेरऐवजी ५ एप्रिलला लागला आणि बस्ते मात्र अक्षय तृतीयेच्या आधीच्या आठवड्यात फाडले गेले, तर महिनाअखेरची शिल्लक कितीही चांगली दिसली तरी ५ तारखेला खात्यात पैसे नसतील. चेक परत गेला की कलम १३८ची नोटीस येऊ शकते आणि आडत्याकडची पत जाते ती वेगळीच. म्हणून वर्षाचा कागद महिन्यांचा असू द्यावा, पण मार्च आणि एप्रिल या दोन महिन्यांचे मात्र आठवड्यांचे रकाने पाडावेत आणि दिलेल्या प्रत्येक चेकची तारीख त्याच्या आठवड्यात लिहावी.

आपल्या मूळ प्रश्नाबद्दल : उन्हाळ्याच्या कागदात ती २० टक्के उधारी शून्य धरावी आणि नोव्हेंबरनंतरच्या रकान्यांत मागील बिलबुकांत जेवढी प्रत्यक्ष आली असेल तेवढीच मांडावी. शंभरातले वीस राहिले आणि त्यांतले तेरा-चौदाच आले असतील, तर तेरा मांडावेत.

दिग्रसचा कृषिकेंद्रवाला

माझे कृषी केंद्र आहे, त्यामुळे साड्यांचे मला काही कळत नाही, परंतु तारीख मात्र मला कळते. माझ्याकडून बियाणे आणि खत जूनमध्ये उधारीवर जाते, कंपनीचे पैसे त्याच्या आधी किंवा लगेच द्यावे लागतात आणि वसुली थेट दसरा-दिवाळीनंतर सुरू होते. माझी तूट जुलै-ऑगस्टमध्ये सर्वांत खोल असते. म्हणजे ज्या महिन्यांत ताईंच्या गल्ल्यात थोडी शिल्लक असते, तेव्हा मी कोरडा असतो.

शाखाधिकारी साहेबांच्या उत्तरात मला एक भर घालावीशी वाटते. मागील बिलबुकांतील सरासरी धरली तर चांगले आणि वाईट वर्ष एकत्र मिसळते. शेतकऱ्याच्या हातात पैसा एका झटक्यात येत नाही. आधी सोयाबीन येते, ते ऑक्टोबर-नोव्हेंबरात विकले जाते आणि त्यातून प्रथम मजुरी आणि माझ्यासारख्यांचे देणे फिटते. पुढे वेचणीगणिक कापूस येतो. भाव पडलेला असला की तो घरात भरून ठेवतात आणि फेब्रुवारी-मार्चपर्यंत मोडत नाहीत. हमीभावाने दिला तर पैसे खात्यात जमा व्हायला दिवस लागतात. या सगळ्या रांगेत साडीवाल्याचा नंबर माझ्यानंतर लागतो, हे कटू असले तरी खरे आहे, कारण पुढच्या पेरणीला माणूस माझ्याकडे परत येणार असतो आणि मुलीचे लग्न मात्र झालेले असते. त्यामुळे मी असतो तर नोव्हेंबरात काहीच मांडले नसते. जे मांडायचे ते जानेवारीत.

निवृत्त शाखाधिकारी

हा तर्क पटण्यासारखा आहे. तरी एक अडचण राहते. नोव्हेंबर-डिसेंबर पूर्ण कोरडे मांडले तर तुळशीच्या लग्नानंतरच्या हंगामासाठी ताई गरजेपेक्षा कमी माल उचलतील आणि गिऱ्हाईक परत पाठवावे लागेल. कागद फार सावध असला तरी नुकसान होते. कोरडवाहू गावांचे गिऱ्हाईक आणि कॅनॉलच्या किंवा विहिरीच्या पाण्यावरचे गिऱ्हाईक वेगळे करून दोन रकान्यांत मांडता आले तर पाहावे, परंतु लहान दुकानाला एवढे जमेल का, याची मला खात्री वाटत नाही.

बस्तावाले, वणी

मी स्वतः याच धंद्यात आहे. कथेतले आकडे आमच्याकडच्या चालीशी जुळतात. दोन-तीन गोष्टी प्रत्यक्षातल्या सांगतो.

६० टक्के रोख मागण्याबद्दल : बस्ता फाडून झाल्यावर मागितले तर कोणी देत नाही. तेव्हा वरपक्ष-वधूपक्ष दोन्हीकडची मंडळी गादीवर बसलेली असतात, चहा झालेला असतो, आणि त्या क्षणी पैशांवरून ओढाताण करणे दोघांनाही अवघड जाते. आम्ही तारीख ठरवायला घरची मंडळी येतात तेव्हाच इसार घेतो. ५ हजारांचा इसार बस्त्याच्या आधीच्या महिन्यात मिळाला, तर तेवढी आवक एक महिना आधी येते आणि बस्ता दुसरीकडे जाण्याची भीतीही कमी होते. तक्त्यात इसार ज्या महिन्यात येतो त्याच महिन्यात लिहावा, बस्त्याच्या महिन्यात पुन्हा धरू नये. अशी दुबार नोंद फार सहज होते.

दुसरे, मेसाठीचा सगळा माल सुरतहूनच आणला पाहिजे असे नाही. शालू आणि आहेराच्या गठ्ठ्यातल्या साड्या सुरतच्या, परंतु रंग कमी पडले की आम्ही नागपूरला गांधीबागेत सकाळी जाऊन संध्याकाळी माल घेऊन येतो. नगामागे काही रुपये जास्त पडतात, पण गिऱ्हाईक ठरल्यानंतर माल घेतल्यामुळे पैसा महिनाभर अडकत नाही. कथेत मेमध्ये ४० हजार धरले आहेत. मी तो आकडा वाढवून सुरतचा आकडा कमी केला असता.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. विक्रीचे आकडे मागील वर्षावरून उचलण्याआधी पंचांग उघडावे. २०२३ साली अधिक महिना श्रावणात आला होता. चातुर्मासात तसेही मुहूर्त नसल्याने आपल्या धंद्याला त्याचा धक्का लागला नाही. २०२६ साली मात्र ज्येष्ठ अधिक आहे, १७ मे ते १५ जून. धोंड्याच्या महिन्यात लग्ने लागत नाहीत, म्हणजे मेचा दुसरा पंधरवडा आणि जूनचा पहिला पंधरवडा बस्त्यांच्या दृष्टीने रिकामा. लेक-जावयाच्या वाणासाठी साड्या जातात, परंतु त्या एक-दोन नगांच्या, त्यातून हंगाम भरून निघत नाही. अशा वर्षी मेच्या रकान्यात मागच्यासारखे ६ लाख लिहिले, तर संपूर्ण कागद खोटा ठरतो.

वाणिज्यवारी

घरखर्च आणि घसारा यांबद्दलचे उत्तर पटले. नफ्याचे पत्रक आणि हा कागद यांची मी सरमिसळ करत होतो. वटावाबद्दल मात्र माझे म्हणणे कायम आहे. ज्याच्याकडे मर्यादा आहे त्याने एकगठ्ठाच उचल करावी.

वर्धाकाठ

बस्तावाले यांच्या सूचनेवरून मी अधिक महिन्याच्या वर्षाचा कागद करून पाहिला आणि वाणिज्यवारी यांच्या मुद्द्यालाही त्यात काही उत्तर मिळते असे वाटते, म्हणून येथे देतो.

मेची विक्री ६ ऐवजी ३ लाख धरली, बाकी सर्व तसेच ठेवले. माल दोन भागांत उचलला तरी एप्रिलअखेरची ६२ हजारांची तूट मेअखेर ५२ हजारांचीच राहते, म्हणजे मे महिना काही भरूनच काढत नाही. परंतु दोन भागांत उचल असल्यामुळे मार्चअखेर दुसरा भाग उचलण्याआधी ताईंना निर्णय घेता येतो. तो ४ लाख २० हजारांऐवजी निम्माच उचलला, तर एप्रिलअखेर तूट न राहता ४३ हजार शिल्लक उरते आणि मेअखेर ती १ लाख ५८ हजारांवर जाते. एकगठ्ठा उचल केली असती तर फेब्रुवारीतच हा दरवाजा बंद झाला असता आणि २ लाख १० हजारांच्या साड्या पावसाळाभर कपाटात पडल्या असत्या. वर्षभरात काठाची फॅशन बदलली तर त्या मूळ दरातही जात नाहीत. तो तोटा वटावाच्या १६ हजार ८०० रुपयांशी ताडून पाहावा लागेल. त्यामुळे मर्यादा असलेल्या दुकानदारानेही पंचांग पाहूनच एकगठ्ठा की दोन भाग, हे ठरवावे असे मला वाटते.

वाणिज्यवारी

हे मान्य. परंतु साध्या वर्षी माझेच गणित बरोबर ठरेल.

निवृत्त शाखाधिकारी

साध्या वर्षी, मर्यादा हातात असेल आणि मागील हंगामाचा माल शिल्लक नसेल, तर होय.

वर्धाकाठ यांना आणखी एक सुचवतो. कथेत अंदाजाचा कागद आहे, परंतु महिना संपल्यावर त्याचे काय झाले ते नाही. अंदाजाच्या प्रत्येक आकड्याशेजारी एक रकाना कोरा ठेवावा आणि महिनाअखेर प्रत्यक्ष आकडा त्यात लिहावा. मार्चमध्ये आवक १ लाख ६० हजार धरली आणि १ लाख २० हजारच आली, तर ताईंनी थांबून विचारावे की विक्रीच कमी झाली, की विक्री झाली पण पैसे पुढे ढकलले गेले? विक्री कमी झाली असेल तर दुसरा भाग कमी उचलायचा. पैसे लांबले असतील तर माल तेवढाच उचलून आडत्याकडे आधीच मुदत मागायची. दोन्हींत गल्ला सारखाच कमी दिसतो, पण उपाय वेगवेगळे आहेत. आडता महिनाभर आधी सांगितले तर सहसा ऐकतो, चेकच्या आदल्या दिवशी सांगितले तर व्याज लावतो.

सोनसळी

आता मूळ प्रश्न समजला. माझ्या बहिणीचे बांगड्या आणि आहेराच्या वस्तूंचे दुकान आहे, तिला हा कागद दाखवते. तिच्याकडे बिलबुकच नाही, सगळे तोंडी आहे. तिने सुरुवात कुठून करावी?

बस्तावाले, वणी

बिलबुक नसेल तर मागच्याचा शोध घेत बसू नये. आजपासून प्रत्येक विक्रीपुढे तीन खाने ठेवावेत : आज किती मिळाले, किती राहिले आणि राहिलेले कधी आले. एक पूर्ण हंगाम असे लिहिले की तिचा स्वतःचा विभाग निघेल. आमचा ५०-३०-२० तिला लागू होणार नाही, कारण बांगड्यांत उधारी आमच्यापेक्षा कमी असते. तोवर मोबाईलवर आलेले पैसे बँकेच्या उताऱ्यातून महिनावार काढता येतील. तेवढ्यावरून निदान कोणता महिना भरीचा आणि कोणता कोरडा, हे कळते.

वर्धाकाठ

सर्वांचे आभार. कथेत इसार, मार्च-एप्रिलचे आठवड्यांचे रकाने आणि प्रत्यक्ष आकड्यांचा कोरा रकाना, या तीन गोष्टी घालतो. उधारीसाठी नोव्हेंबरात शून्य, जानेवारी-फेब्रुवारीत मिळून शंभरामागे तेरा, असे तूर्त धरतो. दिग्रसकर आणि शाखाधिकारी साहेब यांचे याबाबत एकमत झालेले नाही, याची मला जाणीव आहे.

बस्तावाले यांना एक विचारायचे राहिले. २०२६ मध्ये अधिक महिना १५ जूनला संपतो आणि आषाढी एकादशी २५ जुलैला आहे. मधल्या काळात मुहूर्त निघाले, तर मेची हुकलेली विक्री तुम्ही जूनअखेर आणि जुलैच्या रकान्यांत किती धराल?

बस्तावाले, वणी

आमच्यातही यावर दोन मते आहेत. माझा भाऊ म्हणतो की सोयरीक ठरलेली माणसे वर्षभर थांबणार नाहीत, म्हणून मेची निम्मी विक्री तिकडे सरकेल. माझा अनुभव असा की मृग लागला आणि पाऊस झाला की खेड्यातला माणूस पेरणीत असतो, हातातला पैसा बियाण्याला जातो आणि लग्न लावलेच तरी बस्ता लहान होतो. नोकरदार घरांचे बस्ते तेवढे पूर्ण होतील. मी जूनअखेर आणि जुलै मिळून १ लाखाची विक्री धरीन, त्यातलेही रोख निम्मेच, आणि त्या भरवशावर फेब्रुवारीत एकही जादा गठ्ठा उचलणार नाही. लागलेच तर गांधीबागेची गाडी सकाळी असतेच.

दिग्रसचा कृषिकेंद्रवाला

त्या महिन्यात माझ्याकडे रांग असते, तेव्हा बस्तावाल्यांचा अंदाज मला जास्त जवळचा वाटतो. पाऊस लांबला तर मात्र त्यांच्या भावाचे खरे ठरू शकते, कारण पेरणी थांबली की लोकांना वेळ असतो. पण अशा वर्षी पैसा असेल का, ते मला सांगता येणार नाही.